बाजाराचा फोटो पुण्याचा आहे का? मेडिकलची पाटी, मनी ट्रान्सफर आणि हातगाडी यांवरून कसं ठरवायचं

प्रश्न : «आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो फिरतोय. खाली लिहिलंय, 'रविवार पेठेतली दिवाळीची गर्दी, पोलीस कुठे आहेत?' पाट्या देवनागरीत आहेत, मेडिकलचं लाल चिन्ह दिसतं, मनी ट्रान्सफरचं पिवळं-काळं दुकान आहे, पुढे भेळेची गाडी आहे. मी पेठेतच वाढलोय, पण ही जागा ओळखू येत नाही. नुसत्या फोटोवरून कसं ठरवायचं?»

फोटो मी मोठा करून सावकाश पाहिला. मी गेली बरीच वर्षं पुण्यात एका वर्तमानपत्रासाठी बाहेरून आलेले फोटो तपासण्याचं काम करते, आणि बाजाराचे फोटो त्यात सर्वांत फसवे असतात. देऊळ, पूल, पुतळा असं काही असलं की जागा सापडते. बाजारात दुकानं, माणसं आणि गाड्या यांपलीकडे काही नसतं, आणि ती तर सगळीकडे सारखीच दिसतात.

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. हा फोटो पुण्याचा नाही, असं म्हणता येतं का? आणि पुण्याचा नसेल, तर कुठला? पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा मिळतं. दुसऱ्याचं किती नेमकं मिळेल, हे फोटोत काय उरलंय यावर असतं. या फोटोबद्दल माझं मत आधीच सांगते : तो पुण्याचा नाही, भारतातलाही नाही, नेपाळमधला आहे आणि बहुधा जुन्या काठमांडूतला. तुम्ही सांगितलेल्या तीन खुणांपैकी एक फारशी उपयोगी पडली नाही, एकीनं मला जवळजवळ चुकवलं आणि एकीनं अनपेक्षित मदत केली.

आधी फोटोच्या अवस्थेबद्दल. व्हॉट्सअॅपवरून नेहमीच्या पद्धतीनं पाठवलेला फोटो लहान होतो, लांब बाजू साधारण सोळाशे पिक्सेलच्या आसपास येते, आणि कुठे-कधी काढला याची फाइलमधली नोंदही निघून जाते. तुमच्याकडे आलेली प्रत त्याहूनही लहान आहे, म्हणजे ती अनेक हातांतून गेलीय. अशा फोटोत उजेड-अंधाराचा तपशील बऱ्यापैकी टिकतो, पण रंगाचा तपशील त्याच्या निम्म्या बारकाईनं साठवलेला असतो. त्यामुळे पांढऱ्यावरची काळी अक्षरं वाचता येतात आणि त्याच आकाराची लाल अक्षरं फिसकटतात. मोठ्या पाटीचा रंग खुशाल धरावा. बोटाच्या नखाएवढ्या स्टिकरचा रंग धरू नये. आणखी एक गोष्ट कळकळीनं सांगते : फोटो 'साफ' करून देणाऱ्या ॲपमधून तो काढू नका. तुटलेल्या अक्षरांच्या जागी ती ॲप्स स्वतःची अक्षरं भरतात आणि मग आपण कुणीच न लिहिलेली पाटी वाचत बसतो. साध्या फोटो व्ह्यूअरमध्ये तिप्पट-चौपट मोठा करा, तेवढं पुरतं.

आता मेडिकल. औषधाच्या दुकानाची खूण किती कामाची, हे त्या देशात ती खूण कोण ठरवतं यावर अवलंबून असतं. जर्मनीत लाल रंगाचं जुन्या वळणाचं मोठं 'ए' अक्षर आणि त्यात सापाचा पेला दिसला की तो अपोथेके, म्हणजे औषधालयच, कारण ते चिन्ह तिथल्या औषधविक्रेत्यांच्या संघटनेच्या मालकीचं आहे. तुर्कस्तानात एजाने, म्हणजे औषधाच्या दुकानावर, लाल 'ई' असतं. फ्रान्स, इटली, स्पेनमध्ये हिरवा क्रॉस असतो आणि रात्री तो दिव्यांनी लुकलुकतो. तिथे नुसत्या चिन्हावरून निम्मं काम होतं.

आपल्या भागात तसं नाही. पुण्यातल्या मेडिकलवर लाल अधिक, हिरवा अधिक, निळा अधिक, आरएक्स, सापाचा पेला, यातलं काहीही असतं आणि दोन-तीन एकत्रही असतात. पांढऱ्यावर लाल क्रॉस हे खरं म्हणजे रेड क्रॉसचं संरक्षित चिन्ह आहे. १९६०च्या जिनिव्हा कन्व्हेन्शन्स कायद्यानुसार आपल्याकडे ते परवानगीशिवाय वापरता येत नाही. तरीही जुन्या पाट्यांवर ते सर्रास दिसतं. नेपाळमध्येही लाल आणि हिरवे अधिक दोन्ही दिसतात. म्हणजे तुम्ही ज्याला पहिली खूण मानलंत, त्या लाल चिन्हावरून पुणे की काठमांडू हे ठरवताच येत नाही. त्याचा उपयोग एवढाच की नजर कुठे न्यायची ते कळतं : चिन्हाच्या खालच्या मजकुराकडे.

आणि तो मजकूर बोलका असतो, कारण औषधाच्या दुकानाचं नाव दुकानदार पूर्णपणे मनानं ठेवत नाही. आपल्याकडे पाट्यांवर 'केमिस्ट अँड ड्रगिस्ट' हे जुनाट वाटणारे शब्द अजून का टिकलेत, असा प्रश्न तुम्हाला कधी पडला असेल. १९४५च्या औषध नियमांत कोणत्या परवानाधारकानं स्वतःला काय म्हणवायचं ते लिहिलेलं आहे. नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे पण औषध तिथे तयार करत नाहीत, त्यानं 'केमिस्ट्स अँड ड्रगिस्ट्स' लिहायचं. 'फार्मसी' हा शब्द मुळात औषध बनवून देण्याची सोय असलेल्यांसाठी होता. आता साखळी दुकानांमुळे 'फार्मसी' सगळीकडे दिसतं, पण पेठांमधल्या जुन्या दुकानांवर 'मेडिकल अँड जनरल स्टोअर्स' आणि त्याखाली बारीक अक्षरात 'केमिस्ट अँड ड्रगिस्ट' हीच जोडी सापडते. शिवाय महाराष्ट्रात २०२२च्या दुरुस्तीनंतर छोट्या दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी सक्तीची आहे आणि ती अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. म्हणून अलीकडच्या पुण्याच्या फोटोत ठळक मराठी अपेक्षित धरायला हरकत नाही.

तुमच्या फोटोत लाल चिन्हाच्या उजवीकडे काळ्या अक्षरांत 'मेडिकल' स्पष्ट आहे. त्यापुढे एक छोटा शब्द आहे. तुम्ही तो बहुधा 'हॉल' असा वाचलात आणि पुढे गेलात. पुन्हा पाहा. तिथे 'हल' आहे. 'मेडिकल हल' हा नेपाळमधला औषधाच्या दुकानासाठीचा अगदी रोजचा शब्द आहे. नेपाळीत आपला ऑ लिहीत नाहीत. तिथे डॉक्टर 'डाक्टर' किंवा 'डक्टर' होतो, कॉलेज 'कलेज' होतं आणि हॉल 'हल'.

पण एवढ्यावर मी थांबले नाही, आणि तुम्हीही थांबू नका. कारण लहान झालेल्या फोटोत शिरोरेघेवरची चंद्रकोर ही सर्वांत आधी मरते. 'हल' दिसतं याचा अर्थ चंद्र नव्हता असाही होतो आणि चंद्र पुसला गेला असाही होतो. जे दिसत नाही त्याच्यावर निष्कर्ष बांधायचा नाही. जे दिसतं ते शोधायचं. आपल्या ॲ-कारासाठी तीन भाषांनी तीन वाटा घेतल्यात आणि त्या मराठी माणसाला पाठ असाव्यात : आपण 'बॅग', 'गॅस' लिहितो, हिंदीत 'बैग', 'गैस' होतं, नेपाळीत 'ब्याग', 'ग्यास'. यातला 'ब्या', 'ग्या' हा पूर्ण रुंदीचा जोडाक्षराचा आकार असतो, तो खराब फोटोतही टिकतो. तुमच्या फोटोत मेडिकलच्या शेजारच्या दुकानावर पिशव्या टांगल्या आहेत आणि वर चार अक्षरांच्या शब्दाची सुरुवात 'ब्या' अशी वाचता येते. मराठी पाटीवर पिशव्यांच्या दुकानात 'ब्या' कशाला येईल?

त्याच मेडिकलच्या खालच्या ओळीत 'औष' आणि मग एक जागा सोडून 'पसल' आहे. पसल म्हणजे नेपाळीत दुकान. 'औषधि पसल' म्हणजे औषधाचं दुकान. इथे माझी शंका बरीचशी मिटली. उलट बाजूनंही पाहिलं : अख्ख्या फोटोत वाचता येणाऱ्या नऊ पाट्यांपैकी एकीवरही 'ळ' नाही आणि 'येथे मिळेल' हे शब्द नाहीत. रविवार पेठेत नऊ पाट्या सलग पाहिल्या तर 'माळ', 'मंडळ', 'मिळेल' यांतलं काहीतरी एव्हाना भेटलं असतं. हा दुय्यम पुरावा आहे, पण दिशा तीच.

आता मनी ट्रान्सफर, ज्यानं मला चकवायचा प्रयत्न केला. पिवळं-काळं म्हणजे वेस्टर्न युनियन, हे बरोबर. पण ती पाटी जगभर त्याच रंगात असते, म्हणून तिच्यावरून जागा कळत नाही. जागा कळते ती तिच्या शेजारच्या स्थानिक सेवांवरून. ढाक्याचा बाजार असता तर बिकाशचे गुलाबी फलक दुकानादुकानावर असते. ही सेवा २०११ची, त्यामुळे फोटो त्याआधीचा नाही हेही कळलं असतं. केनियात एम-पेसाचा हिरवा रंग दिसतो, ही सेवा तिथे २००७ला सुरू झाली. पण तीच एम-पेसा टांझानियात वेगळ्या कंपनीच्या लाल रंगात असते. तेव्हा नाव आणि रंग दोन्ही जुळायला हवेत.

पुण्यातला मनी ट्रान्सफरचा गाळा डोळ्यांसमोर आणा. भोसरी, चाकण, हडपसर किंवा स्टेशनच्या आसपास, जिथे बाहेरून आलेले कामगार राहतात, तिथे तो असतो. पाटीवर हिंदी असते कारण गिऱ्हाईक बिहार-उत्तर प्रदेशचं असतं. खाली आधार, पॅन कार्ड, रिचार्ज, लाइट बिल अशी यादी आणि बँकांच्या चिन्हांची रांग असते. इथून पैसे देशातल्या देशात गावी जातात. आणि आपल्याकडच्या वेस्टर्न युनियनच्या काउंटरवरून परदेशी पैसे पाठवता येतच नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या ज्या योजनेखाली ते चालतात, तिच्यात फक्त बाहेरून आलेले पैसे घेता येतात, एका वेळी २,५०० डॉलरपर्यंत आणि एका माणसाला वर्षात ३० वेळा. म्हणून आपल्याकडे अशी पाटी सहसा एकटीदुकटी असते.

तुमच्या फोटोत पिवळ्या-काळ्या पाटीच्या वरच्या मजल्यावर लाल रंगाची दुसरी आणि तिच्या पलीकडे तिसरी पाटी आहे. तिन्ही पैसे घेण्याच्या काउंटरच्या. लाल पाटीवर 'रेमिट' वाचता येतं आणि शब्द तिथे संपतो. एका नजरेत तीन काउंटर, म्हणजे बाहेरून घरी येणाऱ्या पैशांवर चालणारा बाजार. नेपाळमधून लाखो लोक आखातात, मलेशियात, कोरियात कामाला जातात, आणि तिथल्या बाजारांत आयएमई, प्रभू यांसारख्या रेमिट कंपन्यांची काउंटर जवळजवळ दिसतात. तिसऱ्या पाटीवर छोट्या झेंड्यांची ओळ आहे. झेंडे कोणते ते मी सांगणार नाही, कारण ते तेवढ्या लहान आकारात रंगावरून ओळखणं म्हणजे अंदाज. पण झेंड्यांची ओळ आहे हे खरं, आणि कामगारांना 'या देशांतून पैसे इथे मिळतील' असं सांगणारी ती ओळ आपल्या भोसरीतल्या गाळ्यावर नसते.

इथे माझी जुनी चूक सांगायला हवी, कारण याच खुणेवर ती झाली. काही वर्षांपूर्वी एका फोटोत 'नेपाल मनी ट्रान्सफर' अशी पाटी आणि खाली मोमोची गाडी पाहून मी तो काठमांडूचा म्हणून बाजूला ठेवला. तो वाकडचा निघाला. पुण्यात हॉटेलांत आणि सुरक्षारक्षक म्हणून काम करणारे नेपाळी लोक खूप आहेत, त्यांना घरी पैसे पाठवायचे असतात, आणि भारतातून नेपाळला पैसे पाठवायची वेगळी सोय आहे. म्हणजे पाटीवरचा देश हा पैसे जिथे जातात तो देश होता. पाटी मात्र पुण्यात होती. त्या दिवसापासून मनी ट्रान्सफरच्या पाटीला मी एकच प्रश्न विचारते : इथून पैसे निघतात की इथे पोचतात? एखाद्या देशाचं नाव मोठ्या अक्षरात असेल, तर बहुधा तो देश दुसरीकडे आहे. काठमांडूतला दुकानदार 'नेपाळला पैसे पाठवा' असं कशाला लिहील? तुमच्या फोटोतल्या तिन्ही पाट्यांवर 'नेपाल' हा शब्द मला दिसला नाही, आणि या जागी त्याचं नसणं मला पटणारं वाटलं.

गाडीकडे वळते. हातगाडी ही जागेसाठी सर्वांत कच्ची खूण. तिला चाकं आहेत, ती माणसाबरोबर गाव बदलते. पुण्यात आता कोपऱ्याकोपऱ्यावर मोमो मिळतात, म्हणून मोमोची थराथराची भांडी दिसली तरी त्यातून काहीच सिद्ध होत नाही. पाणीपुरीचं तर नावच नको. गाडीचा खरा उपयोग वेळ आणि ऋतू सांगण्यात : निखाऱ्यावरची कणसं म्हणजे पावसाळा, बर्फाचा गोळा म्हणजे उन्हाळा, गॅसबत्ती किंवा बल्ब लागलेला म्हणजे दिवेलागण झालेली. तुमच्या फोटोतल्या माणसांच्या अंगावर जॅकेटं आहेत, सावल्या लांब आहेत. दिवाळीच्या सुमारास दुपारी पुण्याच्या गर्दीत इतकी जॅकेटं? मला तिथेच खटकलं होतं, पण थंडी कुठेही पडते, म्हणून तो मुद्दा मी मोजला नाही.

तरी या गाडीनं मदत केली. तुम्ही तिला भेळेची गाडी म्हणालात. चुरमुऱ्यांचा ढीग, कांदा, मिरची, लिंबू, कागदाचे कोन, हे सगळं भेळेचंच. मग भेळेचं उरलेलं सामान शोधा. आपल्या भेळवाल्याकडे चिंचेच्या चटणीचं आणि हिरव्या चटणीचं अशी दोन पातेली असतात, शेवेचा डबा असतो, फरसाण असतं, पुऱ्यांची पिशवी असते. इथे एकही ओलं पातेलं नाही. त्याऐवजी उकडलेले बटाटे, वाटाणे किंवा हरभरे, आणि गाडीच्या दांडीला नूडल्सच्या पाकिटांची माळ लटकतेय. हे नेपाळचं चटपटे. भुजा, म्हणजे चुरमुरे, त्यात कच्च्या नूडल्स चुरून घालतात, लिंबू-मिरची टाकून डब्यात हलवतात आणि कोनात देतात. चुरमुऱ्यांच्या गाडीवर नूडल्सची पाकिटं ही जोडी मला पेठेत कधी भेटलेली नाही. पूर्वेकडच्या काही भारतीय गावांत ती भेटू शकते, दार्जिलिंगच्या बाजूला तर नक्कीच. म्हणून गाडी एकटी असती तर मी नेपाळ म्हटलं नसतं. दार्जिलिंगलाही देवनागरी पाट्या नेपाळीतच असतात, हे विसरू नका.

मग दार्जिलिंग का नाही? यासाठी गाडीच्याच काचेवर चिकटवलेला चौकोनी क्यूआर पाहिला. त्याचा रंग जांभळट वाटतो. आपण लगेच फोनपे म्हणू. पण नेपाळचं खल्ती हे वॉलेटही जांभळं आहे, आणि एवढ्या लहान तुकड्यावर रंगाची खात्री नसते हे वर सांगितलंच. शिवाय २०२४पासून नेपाळमधल्या अनेक क्यूआरवर भारतीय पर्यटकांना यूपीआयनंही पैसे देता येतात, त्यामुळे यूपीआयचं चिन्ह दिसलं असतं तरी भारत सिद्ध झाला नसता. ती वाट मी सोडून दिली.

निर्णय झाला तो पुन्हा मेडिकलच्या पाटीवर. पाटीच्या डाव्या कोपऱ्यात 'स्था.' आणि चार आकडे आहेत. पहिले दोन आकडे '२०' आणि तिसरा '५'. चौथा वाचता येत नाही. दोन हजार पन्नासच्या घरात स्थापन झालेलं दुकान? भारतात, दार्जिलिंगसकट, पाटीवर इसवी सन लिहितात. शालिवाहन शक असता तर आकडा अठराशे-एकोणीसशेचा आला असता. नेपाळमध्ये सरकारी आणि रोजचा व्यवहार विक्रम संवतात चालतो, आणि तो इसवी सनापेक्षा ५६ ते ५७ वर्षं पुढे असतो. म्हणजे २०५० ते २०५९ म्हणजे साधारण १९९३ ते २००३. वीस-तीस वर्षं जुनं दुकान, पाटीच्या गंजलेल्या कडेशी जुळणारं. भारतातल्या औषधाच्या दुकानावर विक्रम संवतातलं स्थापनावर्ष असणं मी धरून चालत नाही. 'पसल', 'ब्या' आणि हा आकडा, हे तिन्ही एकमेकांवर अवलंबून नसलेले पुरावे एकाच जागी नेतात. 'पसल' आणि 'ब्या'वरून भाषा कळते, संवतावरून देश कळतो.

शहराबद्दल माझी खात्री थोडी कमी आहे. लाल रेमिट पाटीखाली टेलिफोन नंबराची सुरुवात '०१-' अशी आहे. काठमांडू खोऱ्याचा कोड ०१, आणि नंबर त्यापुढे सात आकडी. पुण्याचा ०२० आणि पुढे आठ आकडी. आकडे सगळे वाचता येत नसले तरी रुंदी मोजता येते : डॅशच्या पुढे सात आकड्यांएवढीच जागा आहे. समोर उभ्या दुचाकीची पाटी लालसर आहे आणि पहिलं अक्षर 'बा' वाटतं. नेपाळमधल्या जुन्या पद्धतीत खासगी गाडीची पाटी लाल, अक्षरं पांढरी, आणि 'बा' म्हणजे बागमती, ज्यात काठमांडू येतं. आपल्याकडे तीच पाटी पांढरी आणि एमएच १२नं सुरू झाली असती. मात्र दुचाकी दुसऱ्या गावाहूनही आलेली असू शकते. भिंतीला ठोकलेला टेलिफोन नंबर जागेवरून हलत नाही, म्हणून मी त्याला जास्त वजन दिलं.

चौक कोणता, याचं उत्तर माझ्याकडे अर्धं आहे. डाव्या वरच्या कोपऱ्यात, वायरींच्या मागे, सोनेरी पत्र्याच्या छपराचं एक टोक दिसतंय, खाली वाकून वर वळलेलं. जुन्या काठमांडूत असन नावाचा बाजार आहे, सहा रस्ते तिथे मिळतात आणि मधे अन्नपूर्णेचं तीन छपरांचं देऊळ आहे. ते टोक त्या देवळाचं असू शकतं. पण तशी छपरं त्या भागात अनेक आहेत, इंद्रचोकपर्यंत चालत गेलात तर वाटेत बरीच लागतात. एका टोकावरून मी असनचं नाव लिहून देणार नाही. गुगल मॅप्सवर असनला लोकांनी टाकलेले फोटो बघा. देवळाकडे तोंड करून उभं राहिल्यावर उजव्या हाताला मेडिकल आणि वरच्या मजल्यावर लाल रेमिट पाटी एकाच चौकटीत येते का ते पाहा. दोन्ही एकत्र आली तरच चौक पक्का.

पुण्याच्या बाजूनंही एकदा उलट तपासणी करा, म्हणजे ग्रुपवर कुणी वाद घातला तर हातात काही असेल. पुण्यात २०२२पासून स्ट्रीट व्ह्यू आहे. रविवार पेठेतले मोठे रस्ते त्यात फिरून पाहा, आणि बोहरी आळीसारख्या चिंचोळ्या गल्ल्या तुम्ही स्वतः पायी पाहू शकता, तुम्ही तिथेच वाढलात. शोधायचं ते मेडिकल नव्हे, कारण मेडिकल सगळीकडे आहे. वरच्या मजल्यावर रेमिट काउंटर आणि त्याच्या शेजारी पिशव्यांचं दुकान अशी जोडी शोधा.

फोटो ज्यानं ग्रुपवर टाकला, त्याला तो कुणाकडून आला ते विचारा, आणि शक्य झालं तर पहिल्या माणसाकडून तो डॉक्युमेंट म्हणून मागवा, फोटो म्हणून नको. तसा आला तर तो लहान होत नाही. मोठी प्रत मिळाली तर फोटोतले तीनच तुकडे कापून मला पाठवा : 'स्था.'च्या पुढचा चौथा आकडा, टेलिफोन नंबराची पूर्ण ओळ आणि तो सोनेरी छपराचा कोपरा. चौथ्या आकड्यानं दुकानाचं वर्ष ठरेल, आणि छपराच्या कडेला लोंबणाऱ्या घंटा किंवा नक्षी दिसली तर देऊळ कोणतं ते जुळवून पाहता येईल.